दिव्याच्या होडीचा वाटो

१८ मार्च २०२४, सोमवार. रक्कम रुपये पाच लाख फक्त. मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या स्वरूप केळुसकर याच्या होडीवर त्या दिवशी मत्स्यव्यवसाय कार्यालयात एवढा दंड लागला. होडीत एकही मासा सापडला नव्हता, त्यामुळे मासळीच्या किमतीवर जो वेगळा दंड बसतो तो शून्य. जाळेही सापडले नव्हते. सापडले होते एक जनरेटर आणि पाण्यात सोडायचे मोठे दिवे.

हा दंड लागावा म्हणून भांडले ते वकील गुरुदास कोयंडे. आणि ज्या पार्वतीच्या मुलाला तो लागला, ती त्यांच्या धुरीवाड्यातल्या घरी वर्षानुवर्षे मासे घेऊन येणारी बाई.

गुरुदासांचे आता त्रेसष्टावे सरत आले आहे. दांडीच्या गाबीत, म्हणजे मच्छीमार घरातला हा पहिला वकील. मालवणात बी.कॉम. केले, कोल्हापूरला जाऊन कायदा शिकले आणि परत येऊन बाजारात एका बेकरीच्या माडीवर टेबल मांडले. ते टेबल अजून तिथेच आहे. माडांच्या वाटण्या, वहिवाटीचे वाद, सामायिक विहिरी, मुंबईकर भाऊ आणि गावकर भाऊ यांच्यातली न संपणारी भांडणे, असे त्यांचे काम. नाव मोठे झाले नाही, पण कोणी बोट दाखवावे असेही काही घडले नाही. पांढरा शर्ट, काळी छत्री, आणि अशिलाने काहीही सांगितले तरी पहिला प्रश्न ठरलेला : "कागदावर काय शब्द आहेत?"

कारण त्यांचा सगळा धंदाच शब्दावर उभा होता. एकदा एका विधवा बाईला नोटीस आली, की परवाना नसताना उपाहारगृह चालवते. बाई चार पर्यटकांना घरात जेवू घालायची, एवढेच. गुरुदासांनी नियम वाचला, त्यातली उपाहारगृहाची व्याख्या वाचली आणि दाखवून दिले, की स्वतःच्या स्वयंपाकघरात शिजवून माजघरात वाढणे त्या व्याख्येत बसत नाही. साहेब म्हणाले, "अहो, पण नियमाचा उद्देश बघा." गुरुदास म्हणाले, "उद्देश ज्याने नियम लिहिला त्याच्या डोक्यात होता. बाईच्या हातात फक्त शब्द आलेत. तिने शब्दांवरच विश्वास ठेवायचा ना?" नोटीस रद्द झाली. त्यांच्याकडे सात वर्षे ज्युनिअर म्हणून काम केलेली अनुजा सावंत तेव्हा नवीनच होती. तिने ते वाक्य लिहून घेतले होते. शब्दात नाही ते कायद्यात नाही, हे ती त्यांच्याकडूनच शिकली.

त्यांचे वडील रापणीतले. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. होडीने ते समुद्रात गोल टाकून यायचे आणि मग सगळ्या वाडीने दोन्ही बाजूंच्या दोऱ्या धरून ओढायचे. जे मिळेल त्याचे वाटे पडतात. मालवणीत वाटो. गुरुदासांच्या वडिलांचा खांदा तरुणपणीच निखळलेला, दोरी ओढणे त्यांना जमत नसे. ते एका माडाशी उभे राहून पाण्याचा रंग बघायचे. मासळीचा थवा आला, की पाणी काळवंडते. तसे दिसले, की डोक्यावरचा टॉवेल सोडून फिरवायचे. त्यानंतर त्यांनी कधी जाळ्याला हात लावला नाही, पण रापणीतला वाटो त्यांना कधी कमी मिळाला नाही. त्या वाट्यावरच गुरुदासांचे कोल्हापूर झाले.

जानेवारीत रापणकरांच्या संस्थेचे चेअरमन दाजी तांडेल माडीवर आले. सत्तरी ओलांडलेला माणूस, जिना चढून धापा टाकत होता, पण बसायच्या आधीच सुरू झाला.

"वकिलानू, तुमचो कायदो हा काय चाळण? आत घालतंव ता सगळा खालसून जाता."

"बसा तर खरे. पाणी घ्या."

"पाणी समुद्रात बक्कळ आसा. मासो नाय." दाजींनी टेबलावरचे दोन पेपरवेट पुढे ओढले. "हेका दिव्याची होडी समजा. हेका जाळ्याची. दिव्याची होडी जावन मदी उबी रवता, पाण्यात दिवे सोडता. उजेडार दहा वावांवरचो मासो गोळा जाता. मगे ही दुसरी येता, मोठा जाळा घेवन, आणि भोवतीन फिरवन सगळो उचलून नेता. गस्तीची बोट इली तर दिव्याचेकडे जाळा नाय आणि जाळ्याचेकडे दिवो नाय. मगे चोर कोण? मी?"

गुरुदासांनी दिव्यांवरच्या मनाईच्या आदेशाचा कागद काढून वाचला. वाक्य असे होते : कोणत्याही मासेमारी नौकेने मासेमारी करताना कृत्रिम दिव्यांचा वापर करू नये.

"दाजी, इथेच घोळ आहे. दिवेवाला म्हणणार, मी मासेमारी करत नाही, माझ्याकडे जाळे कुठे? जाळेवाला म्हणणार, मी दिवे वापरत नाही, माझ्याकडे दिवे कुठे? शब्दांनी बघितलं तर दोघेही सुटतात. गुन्हा अर्धा इकडे, अर्धा तिकडे. पुरा कोणाकडेच नाही."

"म्हंजे दोगांनी मिळान माका मारल्यानी, तर खून कोणीच करूक नाय?"

गुरुदास हसले. दाजी हसले नाहीत. "तुमीच सगळ्यांका सांगतास ना, शब्दात नाय ता कायद्यात नाय? आता आमच्यासाठी जरा शब्दाच्या भायर जावा. तुमचो बापूस त्या माडाकडे उबो रवायचो, ता ठिकाण आजून तसाच आसा. टॉवेल फिरवक कोण रवलो नाय, कारण काळा पाणीच दिसणा नाय."

गुरुदासांनी संस्थेचे काम घेतले. ठरले असे, की जी पहिली दिव्याची होडी पकडली जाईल तिच्या सुनावणीत संस्थेने उभे राहायचे आणि पळवाट कायमची बुजवून घ्यायची.

मग ते वाचायला बसले. कॉलेजात नुसता पाठ केलेला मिसचिफ रूल त्यांनी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कामासाठी काढला. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या न्यायाधीशांनी घालून दिलेले चार प्रश्न. हा कायदा होण्यापूर्वी कायदा काय होता? त्यात कोणती खोडी मोकळी राहत होती? ती बंद करायला कोणता उपाय काढला? आणि त्या उपायामागचे खरे कारण काय? चारही उत्तरे मिळाली, की शब्दांचा अर्थ असा लावायचा की खोडी दडपली जाईल आणि उपाय पुढे जाईल. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हे प्रश्न स्वीकारलेले आहेत. त्याचेच आताचे मोठे रूप म्हणजे हेतू पाहून अर्थ लावणे. तिथे मागची खोडी तेवढी बघून थांबत नाहीत, सबंध कायदा कुठे पोचू पाहतो ते बघतात. गुरुदासांना वाचताना नवी नोकरी लागल्यासारखे वाटले. यशोदाबाई, त्यांच्या पत्नी, म्हणाल्याही, "काय ओ, ह्या वयात परीक्षेक बसतास काय?"

फेब्रुवारीत गस्ती नौकेने होडी पकडली. मोठ्या जाळ्याची नौका दिवे विझताच पळाली, तिचा नंबर कोणाला वाचता आला नाही. हाती लागली ती दिव्याची. होडी स्वरूप केळुसकरची निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्वती नेहमीसारखी ओट्यावर टोपली उतरवून बसली. तिने बांगडे मोजून यशोदाबाईंच्या ताटात घातले. भाव केला नाही, तेव्हाच गुरुदासांना कळले.

"झीलाचा कळला मा तुमका?"

"कळला गो."

"होडी बंदरात अडकवन ठेवल्यानी. बापाशीच्या मागे तीच एक आसा. लायसन गेला, होडी गेली, तर ह्यो काय करतलो? गोव्यात जावन दुसऱ्याच्या बोटीर जाळी धुतलो?" तिने पदराने तोंड पुसले. "तुमी रापणीच्या बाजून आसास ता माका ठावक आसा. ता बरोबर आसा. रापण माजीय आसा. पण तेका मारू नकात."

गुरुदासांनी शांतपणे विचारले, "तेणा दिवे खंयसून हाडल्यान?"

"हाडूक खंय गेलो! दिले तेका. दिवे तेंचे, जनरेटर तेंचो, डिझेल तेंचा. ह्येची नुसती होडी. राती मागे ठरलेले पैसे. कोणाचे, ता नाव तो सांगणा नाय. भियेता." मग हळूच म्हणाली, "भाड्यान दिली म्हणान वाडयेत कोणाकडे बोलू नकात हां. तेका मरण येता त्या शब्दाचा."

हे तिने सांगायची गरज नव्हती. गुरुदास त्याच वाडीतले. दांडीवरचा माणूस समुद्रात जातो तो वाट्यावर. वाटो कमी असेल, बुडीत असेल, पण वाटो. भाड्याने दर्यात जाणारा म्हणजे आपल्याच होडीवरचा हमाल. गरज पडली की माणसे भाड्याने जात, पण तसे तोंडाने कोणी म्हणत नसे.

"बघतंय मी," गुरुदास म्हणाले. दंडाची रक्कम कायद्याने ठरलेली होती, ती कमी करणे अधिकाऱ्याच्याही हातात नव्हते, आणि हे त्यांना तेव्हा पक्के माहीत होते. तरी तोंडातून "बघतंय" निघून गेले.

बांगड्यांचे एकशे ऐंशी झाले. त्यांच्याकडे पाचशेची नोट होती, तिच्याकडे सुटे नव्हते. "मागीर दिया," म्हणून उधारी ठेवून पार्वतीने टोपली उचलली.

सुनावणी मार्चच्या सुरुवातीला झाली. कार्यालयातल्या लांब टेबलाच्या एका टोकाला सहायक आयुक्त मॅडम, याच निर्णय करणार. डावीकडे स्वरूप आणि त्याची वकील. वकील म्हणून अनुजा उभी होती. मागच्या बाकांवर दाजी आणि वाडीतले दहा-बारा रापणकर. त्यांच्यासमोरच बसायचे म्हणून की काय, स्वरूप इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि मान ताठ ठेवून होता.

अनुजाने सुरुवात साधीच केली. "मॅडम, मनाईच्या वाक्यात दोन गोष्टी एकत्र हव्यात. मासेमारी करणारी नौका हवी आणि तिनेच दिवे वापरलेले हवेत. माझ्या अशिलाकडे जाळे नाही, गळ नाही, मासा नाही. मनाई करणाऱ्याला दोन नौकांची जोडी सुचली नसेल. ती उणीव आहे, मान्य. पण उणीव भरायची ती कायदा करणाऱ्यांनी. आपण इथे बसून शब्द वाढवायचे नाहीत. त्यातून हा दंडाचा कायदा आहे. दंडाच्या कायद्याचे दोन अर्थ निघत असतील, तर ज्याच्यावर दंड येणार त्याच्या बाजूचा घ्यायचा. कारण दर्यात जाणाऱ्या माणसाच्या हातात फक्त शब्द असतात. त्याने शब्दांवरच विश्वास ठेवायचा ना?"

शेवटचे वाक्य बोलताना तिने गुरुदासांकडे पाहिले नाही. गुरुदासांनी चष्मा काढून पुसला.

"शिवाय," ती म्हणाली, "लेखी म्हणण्यात आम्ही स्पष्ट सांगितले आहे, की नौका ठरावीक भाड्याने दिली होती. मासळीशी तिचा संबंध नाही."

मागच्या बाकावर खसखस पिकली. स्वरूपचे कान लाल झालेले गुरुदासांना दिसले.

मग ते उठले. हळूहळू, पण त्यांना स्वतःला आश्चर्य वाटावे इतके छान बोलले. "मनाई येण्यापूर्वी काय होते? जाळ्यांवर बंधने होती, उजेडावर नव्हती. खोडी कोणती राहत होती? उजेडाने खोल पाण्यातला मासा, लहान पिलांसकट, एका जागी गोळा व्हायचा आणि एका फेरीत साफ व्हायचा. उपाय कोणता काढला? उजेड बंद. कारण? सगळ्यांचा समुद्र चार जाळ्यांत जाऊ नये. आता तोच उजेड, तोच मासा, तेच जाळे, फक्त एका होडीऐवजी दोन होड्या. खोडी इंचभर तरी हलली का? दंडाचा कायदा काटेकोर वाचायचा हे मला मान्य आहे. पण काटेकोर म्हणजे कायदा आंधळा करून वाचायचा असे नाही. 'मासेमारी' या शब्दात मासा गोळा करणे सहज बसते. मी शब्द वाढवत नाही. शब्दाला त्याचे पोट आहे, तेवढे भरतो आहे."

"वा," दाजी मोठ्याने म्हणाले, आणि शिपायाने त्यांच्याकडे बघितले.

मॅडमनी पेन खाली ठेवले. "कोयंडेसाहेब, हेतू मला पटतो. पण मी थांबू कुठे? त्या जाळ्याच्या नौकेला बर्फ कोणी तरी दिला असेल. डिझेल कोणी तरी दिले असेल. मासेमारीला मदत करणारा प्रत्येक जण मासेमारी करतो असे धरले, तर बर्फाच्या कारखान्यालाही दंड करावा लागेल. हेतूच्या मागे जायचे तर कुंपण कुठे तरी घालावे लागेल ना?"

प्रश्न रास्त होता. गुरुदासांनी त्याची तयारी केली होती.

"कुंपण आमच्या वाडीत घातलेले आहे, मॅडम. रापणीत दोरी न ओढताही माणसाला वाटो मिळतो. माझ्या वडिलांनी माडाशी उभे राहून नुसता थवा दाखवला. ते मासेमारच होते, कारण मासा आला तर त्यांचा होता आणि नाही आला तर त्यांची चूल थंड होती. बर्फवाल्याला मासा मिळो न मिळो, बर्फाचे पैसे मिळतात. तो मासेमार नाही. ज्याचा मासळीत वाटो, तो मासेमारी करतो. ज्याचे नुसते भाडे, तो नाही. एवढेच कुंपण घाला."

"पण लेखी म्हणण्यात तर भाडे आहे."

"म्हणून एकच प्रश्न विचारायची परवानगी द्यावी."

अनुजा ताडकन उठली. "माझी हरकत आहे. लेखी उत्तर दिलेले आहे."

"प्रश्न मी विचारते," मॅडम म्हणाल्या. "आणि स्वरूप, उत्तर द्यायची तुमच्यावर सक्ती नाही. समजलं? सांगा, त्या रात्री तुम्ही होडी भाड्याने दिली होती, की मासळीत तुमचा वाटा होता?"

अनुजाने त्याच्या दंडावर हात ठेवला. स्वरूपने मागे पाहिले. दाजी, त्याच्या चुलत्यांचे सोबती, लहानपणापासून ज्यांच्या बरोबर दोरी ओढली ते सगळे बाकावर बसलेले. कोणी तरी हलकेच डिवचले, "भाड्याचो रे, सांग मा."

"आमी भाड्यान जाणव नाय," स्वरूप म्हणाला. आवाज चांगला खणखणीत लागला. "वाटो घेतंय मी. केळुसकारांची होडी वाट्यारच जाता."

मॅडमनी ते लिहून घेतले, त्याला वाचून दाखवले आणि त्याने खाली सही केली.

अठरा तारखेचा निर्णय चार पानी होता आणि चांगला लिहिलेला होता. शब्दशः वाचनाने मनाई निरर्थक होते. ज्या खोडीसाठी ती आली ती खोडी दोन नौकांच्या जोडीने जशीच्या तशी चालू राहते. म्हणून मासळीत वाटा घेऊन मासा गोळा करणारी नौका ही मासेमारी करणारीच नौका. जाळ्याच्या नौकेबद्दल पुरावा समोर नाही. दंड पाच लाख, भरेपर्यंत नौका अटकावून ठेवावी.

दाजींनी कार्यालयाच्या दारात गुरुदासांचे दोन्ही हात धरले. "बापाशीचो टॉवेल फिरवलास रे, गुरुदास." वकिलानू म्हणायचेही ते विसरले.

अनुजा फाइल छातीशी धरून पायऱ्यांवर थांबली होती. माणसे पांगल्यावर जवळ आली.

"सर, तो काय उत्तर देणार हे तुम्हाला माहीत होतं."

"तुला नव्हतं?"

"मी सावंतवाडीची. मला वाटलं, पाच लाख समोर दिसले की माणूस भाडं म्हणेल. त्याला मी चार वेळा पढवलं होतं." तिने फाइल दुसऱ्या हातात घेतली. "तुमचा युक्तिवाद चांगला होता. खरंच. पण तुम्ही हेतू अर्ध्यावर सोडलात. चौथा प्रश्न खरं कारण विचारतो ना? समुद्र चार जाळ्यांत जाऊ नये, हे तुमचेच शब्द. मग दिवे कोणाचे, जनरेटर कोणाचा, उजेड कोणाच्या जाळ्यासाठी होता, हे विचारायला हवं होतं. हेतूनेच वाचायचं तर दिवे वापरणारा खरा दिव्यांचा मालक होता. भाडं मान्य केलं असतं तरी तुम्हाला त्याच्यापर्यंत जाता आलं असतं. खात्याला शोधायला लावायचं होतं. वेळ लागला असता, एवढंच."

"आणि तो सापडला नसता तर?"

"तर पळवाट राहिली असती आणि होडीही राहिली असती," अनुजा म्हणाली. "तुम्हाला कुंपण हवं होतं. ते तुम्ही स्वरूपच्या दारातून घातलंत."

भाडे खरे होते, हे गुरुदासांना त्यांच्याच ओट्यावर कळले होते. ते खोटे बोलले नव्हते, कोणाला बोलायला लावले नव्हते. नियमात बसेल असेच सगळे केले होते. आयुष्यभर हेच त्यांना पुरत आले होते.

दोन दिवसांनी ते बंदरात गेले. अटकावलेल्या होडीवर स्वरूप नारळाच्या सोडणाने, म्हणजे सालीच्या वाटीने, आत साचलेले पाणी काढत बसला होता. होडी कोणाच्याही ताब्यात असली तरी पाणी काढावेच लागते.

"स्वरूप, अपील करता येईल. अनुजाबाईंना सांगून बघ, की लेखी म्हणणे खरे होते, तोंडी बोललास ते माणसांसमोर लाजेने बोललास. मी शपथेवर सांगेन, तुझ्या आईने मला आधीच—"

"आवशीचा नाव काढू नकात." त्याने मान वर केली नाही. "वकिलानू, तुमका वाटता मी फसलंय. मी फसाक नाय. माका म्हायत होता काय जातला ता. तरी दाजीच्या म्होरे भाड्याचो म्हणान उबो रवाचा नव्हता." सोडणातले पाणी त्याने गुरुदासांच्या बुटांपासून थोड्या अंतरावर टाकले. "वाटो म्हटलंय, तो म्हटलंय. आता अपिलात जावन सांगू, की मी हमाल होतंय? तुमी सांगशात काय, तुमचो बापूस भाड्यान उबो रवायचो म्हणान?"

अपिलाची मुदत निघून गेली. दंडापायी होडी विकली गेली. जनरेटर आणि दिवे जप्तीत राहिले, त्यांच्यावर हक्क सांगायला कोणी आले नाही. स्वरूप गोव्याला एका मोठ्या जाळ्याच्या नौकेवर लागला आहे, महिन्याच्या पगारावर. कोणी विचारले, तर घरचे वाट्यावर गेलाय असे सांगतात.

दांडीसमोर दिवे मात्र दिसेनासे झाले. निर्णयाच्या प्रती संस्थेने किनारपट्टीवर वाटल्या आणि वाट्याच्या होड्या दिव्याला जायच्या थांबल्या. एप्रिलच्या शेवटी रापणीला बऱ्याच दिवसांनी बांगड्याचा मोठा थवा लागला. संध्याकाळी दाजींचा माणूस केळीच्या पानात बांधलेली मासळी घेऊन धुरीवाड्यात आला.

"दाजींनी धाडल्यानी. रापणीचो तुमचो वाटो."

"माझा कसला वाटो?"

"तुमीच म्हणालास ना ऑफिसात? जाळ्याक हात लावक होयो असा नाय." तो हसला आणि गेला.

यशोदाबाईंनी तिरफळे घालून त्या बांगड्यांचे तिखले केले. गुरुदास ताटावर बसले आणि दोन घास भाताचे खाऊन उठले. "पोट बरा नाय काय?" असे यशोदाबाईंनी विचारले. ते बरे आहे म्हणाले आणि हात धुवायला गेले.

आता ते नवी कामे फारशी घेत नाहीत. बेकरीच्या माडीवर सकाळी जाऊन बसतात. कोणी कागद घेऊन आला, तर शब्द वाचतात, आणि मग विचारतात, "आणि हे कोणावर पडेल?" अशील गोंधळतो. कुडाळला अनुजा भेटली, की नमस्कार करते, चहाही घेते; त्या प्रकरणाचा विषय दोघेही काढत नाहीत.

पार्वती धुरीवाड्यात अजून येते. तिचा आवाज पलीकडच्या आळीतून ऐकू येतो, दोन घरे अलीकडे थांबतो आणि मागे वळतो. यशोदाबाईंनी एकदा शेजारणीच्या हाती पैसे पाठवून पाहिले. पार्वतीने ते घेतले नाहीत. माझे काही येणे नाही, म्हणाली. रागाने म्हणाली नाही, असे शेजारीण सांगते.

यशोदाबाई आता मासळी बाजारातून आणतात. पार्वतीच्या त्या दिवशीच्या बांगड्यांचे एकशे ऐंशी रुपये गुरुदासांकडून अजून देणे आहेत.